‘तक्रार करता येईल का?’ ही प्रश्नावली बनवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
राज्यातल्या ग्राहक संघटनांची मार्गदर्शन केंद्रं चालवणारे कार्यकर्ते, आणि त्यांच्यासाठी ऑनलाइन प्रश्नावली तयार करणारे प्रोग्रामर मित्र

सप्रेम नमस्कार.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधली कलमं प्रश्नांच्या रूपात मांडायचं काम तुमच्यापैकी अनेकांनी हाती घेतलं आहे. माणसाने एकेक प्रश्नाचं उत्तर द्यायचं आणि शेवटी त्याला कळायचं की आपल्याला ग्राहक आयोगाकडे जाता येतं की नाही. मी बरीच वर्षं मार्गदर्शन केंद्रात लोकांचे कागद पाहत आले आहे. अशी प्रश्नावली मला मनापासून हवी आहे, कारण आमच्या टेबलापर्यंत पोचणाऱ्यांपेक्षा न पोचणारे कितीतरी जास्त असतात. म्हणूनच आजवर पाहिलेल्या कच्च्या आराखड्यांत जे खटकलं, ते सविस्तर लिहिते आहे. संपूर्ण कायद्याबद्दल लिहीत नाही. फक्त कलम २(७), म्हणजे ‘ग्राहक’ कोण याची व्याख्या, एवढंच घेते. बहुतेक प्रश्नावल्या तिथेच अडखळतात.

पाहिलेल्यांपैकी अनेक आराखड्यांत पहिलाच प्रश्न असा होता: ‘तुम्ही ही वस्तू व्यावसायिक हेतूने घेतली होती का?’ उत्तर ‘हो’ आलं की लाल चौकट येते: ‘आपण ग्राहक नाही.’ हा प्रश्न लोकांना विचारताच येत नाही. व्यावसायिक हेतू होता की नाही, हा निष्कर्ष आहे. त्यावर सर्वोच्च न्यायालयापर्यंत वाद गेले आहेत. आयोगाने जे ठरवायचं, ते आपण तक्रारदाराकडूनच कबूल करून घेतो आणि त्याच्याच उत्तरावर त्याला परत पाठवतो. रिक्षा चालवणाऱ्याला विचारलं तर तो ‘हो, धंद्यासाठीच घेतली’ असं सरळ सांगेल, आणि त्याचं म्हणणं खरंच असेल. पण कायदा त्याला ग्राहक मानतो. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या १९९५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्वतः चालवण्यासाठी रिक्षा घेणाऱ्याचंच उदाहरण दिलं आहे.

म्हणून माझी पहिली विनंती. प्रत्येक उत्तरागणिक नवी वाट फुटणाऱ्या प्रश्नावलीला मी झाड म्हणते आणि तिच्या वाटांना फांद्या. झाडाच्या कुठल्याही फांदीवर कायद्याचा शब्द प्रश्न म्हणून ठेवू नका. माणसाला जे डोळ्यांनी दिसतं, कागदावर वाचता येतं किंवा आठवतं, तेवढंच विचारा. बिल कोणाच्या नावावर आहे? पैसे दिले का? मशीन कोण चालवतं? कामाला किती माणसं आहेत? अशा उत्तरांवरून व्यावसायिक हेतूकडे जायचं काम झाडाचं आहे.

आता क्रम. कलम २(७) नीट वाचलं तर त्यात तीन थर दिसतात. पहिल्या थरात कोण आत येतो ते सांगितलं आहे: ज्याने मोबदला देऊन वस्तू घेतली किंवा सेवा घेतली तो. मोबदला पूर्ण दिलेला असो, द्यायचं कबूल केलेलं असो, थोडा दिला आणि थोडा बाकी असो, किंवा हप्त्यांवर असो. खरेदीदाराच्या संमतीने ती वस्तू वापरणाराही याच थरात येतो. दुसऱ्या थरात कोण बाहेर जातो ते आहे: ज्याने पुन्हा विकण्यासाठी किंवा व्यावसायिक हेतूसाठी घेतली तो. तिसऱ्या थरात बाहेर गेलेल्यांपैकी काहींना स्पष्टीकरणाने परत आत घेतलं आहे: स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठीच ज्याने वस्तू विकत घेतली आणि स्वतः वापरली, त्याचा वापर व्यावसायिक हेतू मानायचा नाही.

नियम, नियमाला अपवाद, आणि अपवादाला पुन्हा अपवाद, अशी ही रचना आहे. तिचे प्रश्न याच क्रमाने यायला हवेत. तिसरा थर आधी विचारला तर घरातला फ्रिज बिघडलेल्या गृहिणीला ‘यावर तुमची उपजीविका चालते का?’ असा असंबद्ध प्रश्न येतो. ती ‘नाही’ म्हणते, आणि झाड तिला चुकीच्या फांदीवर नेतं. दुसऱ्या थरावर थांबलात तर वर सांगितलेला रिक्षावाला बाहेर फेकला जातो.

हे तीन थर मी माझ्या सोयीसाठी पाडलेले नाहीत. श्रीराम चिट्स विरुद्ध राघचंद असोसिएट्स या मे २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने १९८६ च्या जुन्या कायद्यातली व्याख्या अशीच तीन भागांत मांडली, आणि ती मांडण्याचं कारणही दिलं: कोणी काय सिद्ध करायचं, हे प्रत्येक भागाला वेगळं आहे. मोबदला देऊन वस्तू किंवा सेवा घेतली, हे तक्रारदाराने दाखवायचं. ती व्यावसायिक हेतूसाठी होती, हे समोरच्या पक्षाने सिद्ध करायचं. त्याने ते सिद्ध केलं तरच उपजीविकेचा मुद्दा पुन्हा तक्रारदाराकडे येतो.

प्रोग्रामर मित्रांनो, या निकालाचा तुमच्या कामाशी थेट संबंध आहे, आणि तो ‘माहीत नाही’ या उत्तरापाशी येतो. खऱ्या माणसांना प्रश्न विचारले की हे उत्तर वारंवार येतं. बहुतेक आराखड्यांत त्याला जागाच नसते. जिथे असते, तिथे ते गुपचूप ‘नाही’ धरलं जातं. पण निकाल सांगतो की ‘माहीत नाही’चा अर्थ थराप्रमाणे बदलतो. मोबदल्याच्या प्रश्नावर ‘माहीत नाही’ आलं तर माणसाला थांबवा आणि पावती, बँकेची नोंद किंवा कर्जाचा कागद शोधायला सांगा, कारण ते त्यालाच दाखवायचं आहे. व्यावसायिक हेतूकडे नेणाऱ्या प्रश्नावर ‘माहीत नाही’ आलं तर पुढे जाऊ द्या. तो मुद्दा मांडणं आणि सिद्ध करणं समोरच्याचं काम आहे. उपजीविकेच्या प्रश्नावर ‘माहीत नाही’ आलं तर पुन्हा थांबा आणि काय पुरावा लागेल ते सांगा. म्हणजे प्रत्येक प्रश्नाच्या नोंदीत तीन वाटा लागतात, आणि तो प्रश्न कलमाच्या कोणत्या शब्दांवरून आला, तेही लागतं:

```json
{
  "id": "Q7",
  "ask": "मशीन मुख्यतः तुम्ही स्वतः चालवता का?",
  "law": "2(7) Explanation (a)",
  "yes": "Q8",
  "no": "REVIEW_operator",
  "unknown": "HOLD_proof_of_use"
}
```

`law` ही ओळ कृपा करून गाळू नका. कायद्यात एखादा शब्द बदलला की कोणते प्रश्न पुन्हा तपासायचे, हे तिच्यावरूनच कळतं. असा एक बदल झालेलाही आहे, आणि तो अनेकांच्या नजरेतून निसटला आहे. १९८६ च्या कायद्यात, २००२ च्या दुरुस्तीनंतर, उपजीविकेच्या स्पष्टीकरणात वस्तू आणि घेतलेल्या सेवा असे दोन्ही शब्द होते. २०१९ च्या कायद्यातल्या स्पष्टीकरणात फक्त वस्तू उरल्या. त्यामुळे वस्तू आणि सेवा यांच्या फांद्या सुरुवातीलाच वेगळ्या करायला हव्यात. सेवेच्या फांदीवर उपजीविकेचा प्रश्न विचारून हिरवी चौकट दाखवली, तर आज कलमात नसलेला आधार आपण माणसाला देत असतो. तिथे झाडाने ‘जाणकाराला दाखवा’ असं म्हणणंच प्रामाणिक ठरेल.

सेवेच्या फांदीवर आणखी एक गोष्ट लागते. विनामूल्य सेवा आणि वैयक्तिक सेवेचा करार या दोन गोष्टी सेवेच्या व्याख्येतच नाहीत. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वकिलांच्या सेवाही या कायद्याबाहेर ठेवल्या. हे प्रश्न सोपे आहेत, त्यांवर जास्त लिहीत नाही.

आता एक प्रकरण पूर्ण चालवून पाहू. ते रचलेलं आहे, पण यातली प्रत्येक अडचण आमच्या टेबलावर नेहमी येते. समजा, एका बाईंकडे एम्ब्रॉयडरी मशीन आहे. किंमत ४,२०,००० रुपये, फेब्रुवारी २०२३ मध्ये बँकेच्या कर्जावर घेतलेलं, वॉरंटी दोन वर्षांची. बिल नवऱ्याच्या नावावर. मशीन बाई स्वतः चालवतात, धागे बदलायला आणि कापड लावायला एक मुलगी मदतीला असते. ऑगस्ट २०२३ मध्ये मशीन पहिल्यांदा बंद पडलं. मग दुरुस्ती, पुन्हा बंद, पुन्हा दुरुस्ती. नोव्हेंबर २०२४ मध्ये विक्रेत्याने पत्र पाठवून पुढची दुरुस्ती मोफत करायला नकार दिला. बाई प्रश्नावली उघडतात मार्च २०२६ मध्ये.

माझ्या मते झाडाने सर्वात आधी तारखा विचाराव्यात, ग्राहक कोण हे ठरवण्याच्याही आधी. कलम ६९ प्रमाणे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल करावी लागते. मात्र तारखांचा प्रश्न दार बंद करणारा नको, इशारा देणारा हवा. माणूस पुढच्या कुठल्याही प्रश्नावर अडून प्रश्नावली बंद करू शकतो, आणि बंद करण्यापूर्वी त्याला आपली मुदत कळलेली असायला हवी. ‘तक्रारीचं कारण कधी घडलं?’ असंही विचारू नका, तो पुन्हा निष्कर्षच झाला. वस्तू कधी घेतली, पहिला बिघाड कधी झाला, शेवटचा लेखी नकार कधी मिळाला, अशा तीन तारखा मागा. या बाईंच्या बाबतीत पहिल्या बिघाडापासून मोजलं तर दोन वर्षं ऑगस्ट २०२५ मध्येच संपली. नकाराच्या पत्रापासून मोजलं तर नोव्हेंबर २०२६ पर्यंत वेळ आहे. कोणती तारीख धरायची हे आयोग ठरवेल. नुसता पत्रव्यवहार चालू ठेवल्याने मुदत वाढत नाही, हेही खरं आहे. म्हणून झाडाने दोन्ही तारखा दाखवाव्यात आणि सांगावं: उशीर करू नका, आणि तक्रारीसोबत विलंब माफीचा अर्ज जोडायचा का हे विचारून घ्या. पुरेसं कारण असेल तर उशिराने आलेली तक्रारही आयोगाला दाखल करून घेता येते. त्यामुळे ‘मुदत संपली, तक्रार करता येणार नाही’ हा शेवट झाडात कुठेच असू नये.

पुढे वस्तू की सेवा. मशीन ही वस्तू आहे. दुरुस्ती न करणं ही सेवेतली त्रुटी असू शकते, पण मूळ तक्रार वस्तूतल्या दोषाची आहे, म्हणून वस्तूची फांदी. पैसे दिले का? विक्रेत्याला बँकेकडून पूर्ण रक्कम मिळाली आहे, कर्जाचा कागद आहे. पहिला थर इथे जवळजवळ पार पडतो.

जवळजवळ म्हणते, कारण बिल नवऱ्याच्या नावावर आहे. झाडाने विचारायचं: ‘बिल तुमच्या नावावर आहे का?’ नाही. ‘ज्यांच्या नावावर आहे, त्यांच्या संमतीने तुम्ही वापरता का?’ हो. वापरणारी म्हणून बाई पहिल्या थरात आल्या. मात्र या उत्तरावर झाडाने खूण करून ठेवायला हवी. पुढे ती लागणार आहे.

दुसरा थर. ‘ही वस्तू तुम्ही विकण्यासाठी घेतली का?’ असा मोघम प्रश्न आला तर बाई गोंधळतील, कारण त्या भरतकाम केलेले कपडे विकतात. प्रश्नात वस्तूचं नाव घाला: ‘हे मशीनच पुढे विकण्यासाठी घेतलं होतं का?’ नाही. ‘मशीनवर केलेल्या कामाचे पैसे मिळतात का?’ हो. एवढ्याने व्यावसायिक हेतू सिद्ध होत नाही, पण समोरचा तो मुद्दा काढू शकतो. म्हणून तिसऱ्या थरात जायचं.

इथेच आणखी एका घाईविरुद्ध सांगते. ‘तुम्ही व्यक्ती आहात की कंपनी किंवा संस्था?’ असा प्रश्न टाकून संस्थांना बाहेर काढू नका. लीलावती कीर्तिलाल मेहता मेडिकल ट्रस्टच्या २०१९ च्या निकालात एका रुग्णालय ट्रस्टने परिचारिकांना राहण्यासाठी घेतलेल्या सदनिकांचा वाद होता, आणि ट्रस्टला ग्राहक मानलं गेलं. न्यायालयाने पाहिलं ते असं: खरेदीमागचा मुख्य हेतू काय, आणि नफा मिळवण्याच्या कामाशी तिचा थेट, जवळचा संबंध आहे का. खरेदीदार कोण किंवा व्यवहार किती मोठा, एवढ्यावरून निकाल लागत नाही.

तिसऱ्या थरात बाई मशीन स्वतः चालवतात. मदतनीस एक आहे. लक्ष्मी इंजिनिअरिंगच्या निकालाप्रमाणे मशीन चालवायला एक-दोन माणसांची मदत घेतली म्हणून स्वयंरोजगार संपत नाही. पाच मशीन आणि पाळीत काम करणारे कामगार असते, तर चित्र बदललं असतं. म्हणून किती मशीन आणि किती माणसं, हे आकडे विचारून लिहून ठेवा. पण ‘दोनपेक्षा जास्त म्हणजे नाही’ अशी रेघ कोडमध्ये मारू नका. न्यायालयाने तशी संख्या ठरवून दिलेली नाही.

मग येतो ‘निव्वळ उपजीविकेसाठी’ हा भाग, आणि त्याची मांडणी मी जवळपास सगळीकडे चुकलेली पाहिली आहे. प्रश्न असा लिहिलेला असतो: ‘हे तुमच्या उत्पन्नाचं एकमेव साधन आहे का?’ नवऱ्याची नोकरी असेल तर बाई ‘नाही’ म्हणतील आणि बाहेर जातील. कलमात तसं म्हटलेलंच नाही. कलमातला ‘निव्वळ’ वस्तूच्या वापराला लागतो, उत्पन्नाच्या साधनांना नाही. वस्तू उपजीविका करण्यासाठीच वापरलेली असावी, एवढी अट आहे. योग्य प्रश्न असा: ‘हे मशीन तुम्ही स्वतः काम करून कमावण्यासाठीच वापरता, की भाड्यानेही देता, दुसऱ्याला चालवायलाही देता?’

बाईंचं उत्तर: स्वतः कमावण्यासाठीच. आता हिरवी चौकट दाखवायची का? मघाची खूण इथे आडवी येते. स्पष्टीकरणाचे शब्द आहेत ‘त्याने विकत घेतलेली आणि त्याने वापरलेली’. घेतलं नवऱ्याने, वापरलं बायकोने. पहिल्या थरात वापरणारीला जागा आहे, तिसऱ्या थराचे शब्द घेणारा आणि वापरणारा एकच धरतात. कोणी प्रत्यक्ष पैसे भरले, हप्ता कोणाच्या खात्यातून जातो, तक्रार दोघांनी मिळून करावी का, हे वकिलाने किंवा अनुभवी कार्यकर्त्याने कागद पाहून ठरवायचं. झाडाने बाईंना सांगायचं ते असं: ‘तुमची बाजू मांडता येण्यासारखी आहे. एका मुद्द्यावर जाणकाराची मदत लागेल. हे कागद घेऊन या.’ आणि कागदांची नावं: बिल, कर्जाचा करार, बँकेचे हप्ते, दुरुस्तीच्या नोंदी, नकाराचं पत्र, कामाच्या ऑर्डरी.

या शेवटाला अपुरं उत्तर समजून झाकू नका. ‘हो’, ‘नाही’ आणि ‘माणसाने पाहावं’ असे तीन शेवट ठेवले तरच झाड खरं बोलतं. त्यातही ‘नाही’ सगळ्यात जपून वापरा. चुकून ‘हो’ म्हटलं, तर ती चूक पुढे कोणीतरी पकडतं: वकील, समोरचा पक्ष किंवा आयोग. त्यात वेळ जातो, आणि दिवाणी दाव्याची मुदतही, जी साधारण तीन वर्षांची असते, दरम्यान पुढे सरकत असते, म्हणून तीही चूक फुकटची नाही. पण चुकून ‘नाही’ म्हटलं, तर माणूस पान बंद करून निघून जातो. ती चूक कोणाच्याच नजरेस पडत नाही.

रकमेबद्दल थोडक्यात. कोणत्या आयोगाकडे जायचं, हे आता मागितलेल्या भरपाईवर ठरत नाही, मोबदला म्हणून दिलेल्या रकमेवर ठरतं. जुन्या कायद्यात भरपाईही मोजली जायची, म्हणून जुन्या छापील फॉर्मवरून तयार केलेल्या प्रश्नावल्या अजून ‘किती नुकसानभरपाई हवी?’ हा प्रश्न इथे विचारतात. २०१९ च्या कायद्यात जिल्हा आयोगाची मर्यादा १ कोटी होती. डिसेंबर २०२१ च्या नियमांनी ती ५० लाखांवर आणली. त्याच्यावर २ कोटींपर्यंत राज्य आयोग आणि पुढे राष्ट्रीय आयोग. बाईंचे ४,२०,००० रुपये जिल्हा आयोगात बसतात, आणि ५ लाखांपर्यंत फी लागत नाही. तक्रार त्या स्वतः राहतात त्या जिल्ह्यात करू शकतात, विक्रेत्याच्या शहरात जायची गरज नाही. हे आकडे प्रश्नांच्या मजकुरात लिहू नका. ते वेगळ्या फाइलमध्ये, कधीपासून लागू आहेत त्या तारखेसह ठेवा. कलमापेक्षा आकडे लवकर बदलतात.

शेवटी तपासणीबद्दल. झाड तयार झालं की आपल्या ओळखीच्या चार जणांकडून भरून घेऊन समाधान मानू नका. ज्यांचा निकाल लागलेला आहे ती प्रकरणं त्यातून चालवा, आणि उत्तरं देताना निकालात नोंदलेली तथ्यंच द्या. लक्ष्मी इंजिनिअरिंगने घेतलेलं मशीन व्यावसायिक हेतूचं ठरलं आणि ती बाजू हरली, तेव्हा झाडाने तिथे हिरवी चौकट दाखवता कामा नये. लीलावती ट्रस्टला झाडाने बाहेर काढलं, तर संस्थांबद्दलचा कुठलातरी प्रश्न चुकला आहे. श्रीराम चिट्सच्या प्रकरणात व्यावसायिक हेतूच्या प्रश्नांना मुद्दाम ‘माहीत नाही’ उत्तर द्या आणि झाड माणसाला पुढे जाऊ देतं का ते पाहा. या तिन्हींत झाड बरोबर चाललं की बाईंचं प्रकरण आणि रिक्षावाल्याचं प्रकरण घाला.

आणि एक मागणी. तुमच्या झाडातल्या ‘नाही’ म्हणणाऱ्या प्रत्येक शेवटाची यादी, तिथवर नेणाऱ्या प्रश्नांसह, प्रश्नावली लोकांसमोर ठेवण्याआधी जिल्ह्यातल्या केंद्रांकडे पाठवा. आमच्यासारखी माणसं ती ओळीने वाचतील, आणि जिथे ‘नाही’च्या जागी ‘माणसाने पाहावं’ हवं, तिथे कलमाचे शब्द आणि निकाल यांसह लिहून कळवतील.

आपली,
ग्राहक मार्गदर्शन केंद्रातली एक कार्यकर्ती